बाहरपुऱ्याच्या दरवाजावरचे पंजे

ग्वाल्हेरच्या थोरल्या बहिणीची, कुसुमची, तार आली: "सिनेमा बघायला ताबडतोब ये." तार म्हटल्यावर आईनं देव पाण्यात घातले होते. मजकूर वाचल्यावर तिनं मला तारेसकट फैलावर घेतलं, जणू ती मीच केली होती.

मागोमाग पत्र आलं तेव्हा उलगडा झाला. कुसुमच्या सासरचं आडनाव खडके. त्यांचा मूळपुरुष रायाजी खडके हा शे-दीडशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरजवळच्या एका लहानशा गढीचा किल्लेदार. त्याच्यावर एक ऐतिहासिक बोलपट निघाला होता आणि त्यात रायाजी मोहरांच्या थैलीसाठी रात्री गढीचा दरवाजा शत्रूला उघडून देतो. कुसुमच्या नणंदेचं, मालतीचं, लग्न उज्जैनच्या एका वकिलांच्या मुलाशी ठरलं होतं. वकिलांनी बोलपट पाहिला आणि निरोप धाडला, "फितुराच्या घरातली मुलगी म्हणून उद्या लोक बोट दाखवतील. चित्र खोटं आहे असं दाखवून द्या, माघात बार उडवू. नाहीतर राहू द्या."

मी पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते, सुट्टीत मोडी कागद वाचते आणि एका मासिकात ऐतिहासिक बोलपटांची सालं काढते. या तिसऱ्या धंद्यामुळे खडक्यांना माझी आठवण झाली.

तुम्ही जाणार असाल तर पौषात जा, पण रजई घेऊन जा. पुण्याहून कल्याण, तिथं गाडी बदलून इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर. कल्याणला बायकांच्या डब्यात जागा मिळाली तर देवाचे आभार माना, आणि इटारसीला पुरीभाजी घ्या, ती गरम असते. भोपाळपर्यंत मी दोन शालींत होते, झाशीनंतर तिसरी काढली. स्टेशनवरून लष्करला, म्हणजे ग्वाल्हेरातल्या मराठी वस्तीला, टांगा करताना भाडं आधी ठरवा. "जो मर्जी दे देना" म्हणणारा टांगेवाला महाराजबाड्याच्या चौकात पोचल्यावर आपली मर्जी सांगतो. पाटणकर बाजारातून जाताना तिळाच्या गजकेचा वास आला आणि प्रवासाचा शीण निम्मा उतरला.

कुसुमचे सासरे आबासाहेब दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, भारदस्त मिशांचे आणि त्याहून भारदस्त आवाजाचे. "या मास्तरीणबाई," ते म्हणाले. "आता बिलकुल दयामाया नको. त्या सिनेमावाल्याची धज्जी उडवा."

"आधी बघू तर द्या तिला," कुसुम म्हणाली. तिचं मराठी आता पुरतं लष्करी झालं होतं. "रस्त्याची थकून आलेली आहे बिचारी."

मालती दाराआड उभी होती. वीस वर्षांची, शांत, नाकीडोळी नीटस. तिनं फक्त विचारलं, "ताई, खरा की खोटा, हे खरंच कळतं का?"

"कळतं," मी म्हणाले. फार तोऱ्यात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॉकीजमधल्या बायकांच्या सज्जात, चिकाच्या पडद्याआड बसलो. चित्र सुरू झालं आणि माझी पेन्सिल थांबेना. मशालीच्या काळात काचेच्या चिमणीचा कंदील. रायाजीच्या बायकोच्या अंगावर गिरणीचं छापील लुगडं. शिपायांच्या बंदुका निदान दोन पिढ्या पुढच्या, कारण वातीची बंदूक पेटवायला विस्तव लागतो आणि इथं कोणाच्याच हाती वात नाही. एका भालाईताच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ. गढीचा दरवाजा तर ओळखीचाच निघाला: ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या राजवाड्याची निळी बदकं आणि पिवळी केळीची झाडं कंपनीच्या चित्रकारानं जशीच्या तशी उतरवून एका मातीच्या गढीला चिकटवली होती. आणि मग ती रात्र. भरपूर चांदणं, रायाजी एकटा चोरपावलांनी येतो, अडसर सरकवतो, दरवाजा उघडतो. खालच्या प्रेक्षकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. मालती शेजारी ताठ बसून होती.

घरी मी चुका वाचून दाखवल्या तसे आबासाहेब मांडीवर थापा मारू लागले. "कंदील! वळ! झालं, सिनेमा झूठ!"

"नाही आबासाहेब," मी म्हणाले. "कंदील खोटा आहे, एवढंच ठरलं."

त्यांचा चेहरा पडला. पण हे तुम्हालाही सांगून ठेवते, कारण ऐतिहासिक चित्र पाहून आल्यावर सगळे इथंच घसरतात. वस्तूंच्या चुका शोधणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कमी कामाचं. कपडे, हत्यारं, दिवे, भाषा, वागण्याच्या रीती हे सगळं तपासायचं, कारण त्यावरून करणाऱ्यानं किती मेहनत घेतली ते कळतं. पण लुगडं चुकलेल्या चित्रात घटना खरी असू शकते आणि प्रत्येक बटण बरोबर असलेल्या चित्रात ती धादांत खोटी असू शकते. दोन माणसांचं एक पात्र केलं, चार महिन्यांच्या घडामोडी एका आठवड्यात बसवल्या, तर मी कुरकुरते पण सोडून देते. अडीच तासांत सांगायचं म्हटल्यावर तेवढी मोकळीक द्यावी लागते. बदलानं घटनेचा अर्थच उलटा होतो का, हे पाहायचं असतं. वकील मुद्द्याचं विचारणार होते: दरवाजा उघडला की नाही?

मग पुढचा प्रश्न. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? चित्राच्या सुरुवातीला 'बखर आणि पोवाड्यांच्या आधारे' अशी पाटी होती. ती बखर मी पुण्यात वाचलेली. रायाजीनंतर दोन पिढ्यांनी लिहिलेली, लिहिणारा कधी गढीवर गेलेला नाही. पोवाडा बखरीवरून रचलेला, बोलपट दोहोंवरून. म्हणजे साक्षीदार तीन दिसतात, पण दोघं पहिल्याचंच ऐकून बोलतायत. अशी साक्ष एकच धरायची. आणि बखरकाराला तरी हे कुठून कळलं? तो कारण देतो ते असं: खडक्यांच्या घरी मार्गशीर्षातल्या अमावास्येला रात्रभर दाराला कडी लावत नाहीत, घरातला वडील माणूस उंबऱ्याशी बसून असतो. पूर्वजानं दार उघडल्याचं हे प्रायश्चित्त, असा त्याचा तर्क.

"असं करता तुम्ही?" मी विचारलं.

"करतो ना," आबासाहेब म्हणाले. "गेल्याच महिन्यात बसलो होतो. पण ते लक्ष्मी येते म्हणून! कुळाचार आहे आमचा."

"अमावास्येला? मग चित्रात चांदणं कुठून आलं?" मी म्हणाले. आबासाहेबांची कळी खुलली.

तिसऱ्या दिवशी घटनेच्या काळातला कागद बघायचा होता. त्यासाठी कुठे शोधाशोध करावी लागली नाही. खडक्यांची इनामाची सनद दिवाणखान्यात काचेत लावलेली आहे आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहून ती मोठ्यानं वाचतात. मी ती उतरवायला लावली. कागद, शाई, वळण, शिक्का सगळं त्या काळाला धरून होतं. पण घरातली सनद नंतरची नक्कलही असू शकते, आणि घरातल्या कागदावर घराच्या बाजूनं विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून दरबारच्या दफ्तरात जाऊन तिची नोंद ताडून घेतली. बायकांना आत जायला परवानगी मिळवण्यात आबासाहेबांची अर्धी पुण्याई खर्ची पडली. नोंद जुळली. मजकूर असा की त्या अमावास्येला गनीम चालून आला असता रायाजीनं दरवाजा बंद ठेवून गढी राखली, सबब गढीखालचं बाहरपुरा हे गाव पुढच्या चैत्रात इनाम दिलं.

गढी पडलीच नव्हती! मग फितुरी कसली? शिवाय ज्याच्याशी बेइमानी केली तोच धनी चार महिन्यांत गाव इनाम देतो होय? घरात दिवाळी झाली. आबासाहेबांनी गजक मागवली, कुसुमनं मला मिठीच मारली आणि उज्जैनला तार गेली. मालती पहिल्यांदा हसली.

इथं थांबायला हवं होतं असं कुसुम अजून म्हणते. पण खोटी गोष्ट खोटी ठरली की काम अर्धंच होतं. ती गोष्ट उपजली कशी, हे सांगता आलं पाहिजे. कडी न लावण्याचं प्रायश्चित्त बखरकारानं मनचं काढलं असेल, पण कडी तर खरंच लावत नाहीत. शिवाय प्रसंग जिथं घडला ती जागा पाहिल्याशिवाय मी कुठल्याही चित्राबद्दल लिहीत नाही. मालतीही हट्टाला पेटली. "आमचं गाव आहे आणि मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. इनामाचं गाव, आपलीच माणसं, म्हणून आबासाहेबांनी परवानगी दिली.

ग्वाल्हेरहून भिंडच्या बाजूला छोटी रेल्वे जाते. तिच्यात बसा, मजा आहे. रूळ इतके अरुंद की डबा नाचत जातो, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात, आणि चढावर गाडीपेक्षा म्हैस पुढे जाते. खाण्याचं बरोबर ठेवा, वाटेत भाजलेल्या शेंगदाण्यांखेरीज काही मिळत नाही. स्टेशनवर पाटलानं झाकलेली बैलगाडी पाठवली होती. पुढे सगळ्या मातीच्या घळी, इकडे त्याला बेहड म्हणतात. त्या घळींच्या काठावर पडकी गढी आणि तिच्या बाहेर, भिंतीला खेटून, बाहरपुरा.

दरवाजाची लाकडी दारं केव्हाच गेली होती. दगडी चौकट उभी होती. मी आधी अडसराची भोकं मापली. हात खांद्यापर्यंत आत गेला. एवढं लाकूड एकट्यानं आवाज न करता सरकवायचं म्हणजे रायाजी खडके नव्हे, भीमसेन हवा. मी खुशीत टिपण करत होते तेवढ्यात मालती म्हणाली, "ताई, इकडे बघा."

ती चौकटीच्या बाहेरच्या अंगाला उभी होती. दगडावर हळदीचे पंजे होते. ताजे पिवळे, त्यांच्याखाली विटलेले, त्याखाली नुसते डाग, थरावर थर. माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत दगड दिसत नव्हता. मी चौकट ओलांडून आतल्या अंगाला गेले. तिथं एकही पंजा नव्हता.

पाटलाची आई ताक घेऊन आली होती. वय झालेली, पण खणखणीत बाई. मी विचारलं, "अम्मा, ये हाथ किसके हैं?"

"गाँव की बहुअन के. पूस की अमावस कों लगाउत हैं. तीन बेर किवार खटखटाउत हैं, फिर हाथ धर कें लौट आउत हैं." तिनं मोकळ्या चौकटीवर तीनदा थाप मारून दाखवली.

मी वहीत लिहिलं: पौष, अमावास्या. खडक्यांच्या तिथीशी एक महिन्याचं अंतर, तेव्हा संबंध नाही. आणि पान उलटलं. पुण्याच्या माणसाची हीच खोड, पंचांग म्हणजे आपलंच.

"ताई," मालती अगदी हळू म्हणाली, "इकडे महिना पौर्णिमेला बदलतो. पंधरा दिवस आधी. यांची पूस की अमावस म्हणजे आपलीच मार्गशीर्षातली. एकच रात्र आहे ती. पौषातली असती तर यायची होती अजून, आणि हळद ताजी आहे."

मी उलटलेलं पान परत मागे घेतलं. आबासाहेब लष्करात दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसतात, त्याच रात्री इथल्या सुना दारं गेलेल्या चौकटीवर थापा मारतात.

"काहे खटखटाउत हैं, अम्मा?" मालतीनं विचारलं.

"हमाए पुरखा बाहर रै गए हते. पीछें सें फौज आउत हती. जे किवार पीटत रए, बाल-बच्चा लएँ. भीतर बारन ने नईं खोले." आतल्यांनी उघडलं नाही. तिनं ताकाचा गडू खाली ठेवला आणि घळींकडे हात केला. "सबरे मारे गए. जो घारन में लुक गए हते, हम उनई के हैं."

"भीतर कौन हते?" मालतीनंच विचारलं.

म्हातारीनं मालतीकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. "तुमई औरें तो हते, बिटिया."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही," मालती मराठीतच म्हणाली, मग तेच हिंदीत म्हणाली.

"तुमने कबऊँ पूछी नईं. तुमाए इतै सें तो नाज लैबे आउत हैं."

मी तिथंच जोत्यावर बसले. मी मोडी कागदांतून लढाया वाचल्या आहेत, कत्तलींचे हिशेब वाचले आहेत, पण अशी कधी हादरले नव्हते. दरवाजा बंद ठेवून गढी राखली. हे वाक्य मी काल स्वतः मोठ्यानं वाचलं होतं आणि त्यावर गजक खाल्ली होती. दाराबाहेर कोण होतं हा प्रश्न मला सुचला नव्हता, इतिहास शिकवणाऱ्या बाईला! आणि बक्षीस म्हणून रायाजीला जे गाव मिळालं ते बाहेर राहिलेल्यांचंच. वाचले त्यांनी पेरायचं आणि आत होते त्यांनी धान्य न्यायचं, तेव्हापासून आजपर्यंत.

परतीच्या गाडीत मी सवयीनं तोलून पाहत होते. या बायकांनी बोलपट पाहिलेला नाही, मराठी बखर त्यांच्या कानावरूनही गेलेली नाही. लष्करातला कुळाचार त्यांना ठाऊक नाही आणि खडक्यांना त्यांचा. म्हणजे एकमेकांचं न ऐकलेले दोन साक्षीदार, एक आतला, एक बाहेरचा, आणि तिसरी दरबारी सनद. तिघं एकाच बंद दाराकडे बोट दाखवतात. तरीही चालीरीतींना साल नसतं, कारणं मागाहून चिकटतात. तेव्हा गढी राखली आणि इनाम मिळालं हे निश्चित. माणसं बाहेर ठेवून दार लावलं हे फार संभवनीय. शत्रू किती जवळ होता, त्यांना आत घेऊन गढी वाचली असती का, रायाजीनं स्वतः हुकूम दिला का, हे माहीत नाही आणि आता कळायचंही नाही.

"म्हणजे आम्ही फितूर नव्हतो," मालती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "असतो तर बरं झालं असतं ताई. दार तरी उघडलं असतं."

आबासाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांची नजर आधी उंबऱ्याकडे गेली. मग म्हणाले, "वडील बसायचे उंबऱ्याशी. मी विचारलं होतं एकदा, कोण येणार आहे? त्यांनी मला थप्पड मारली होती." आणि लगेच आवाज चढवून, "वकिलांना यातलं अक्षर बोलायचं नाही. त्यांनी सिनेमाचं विचारलंय. सिनेमा झूठ आहे, बस्स."

खरं तर ते बरोबर होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'खोटा' असंच होतं. मी गप्प राहायचं कबूल केलं. मालतीनं केलं नाही.

वकील दोन दिवसांनी आले. सनद पाहिली, नोंदीची नक्कल पाहिली, मान डोलावली. तेवढ्यात मालती पडद्याबाहेर आली. कुसुमनं पानाचं तबक खाली ठेवलं. मालतीनं उभ्यानं सगळं सांगितलं, पंजे, थापा, बाहरपुरा, काही न गाळता. शेवटी म्हणाली, "हे ऐकून नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

वकिलांनी चष्मा पुसला. "अगं पोरी, गढी राखली ना? धन्याचं काम केलं ना? मग यात कमीपणा कसला! उलट कंपनीला लिहू, दुसरं चित्र काढा म्हणावं, खरा रायाजी दाखवा. लोक डोक्यावर घेतील." आणि त्यांनी आनंदानं पान उचललं.

मी सुन्न झाले. मोहरांची थैली असती तर हा माणूस लग्न मोडणार होता. दाराबाहेरची मेलेली माणसं त्याला चालली. मला त्या क्षणी त्याचा संताप आला आणि लगेच कळलं की गजक खाताना मीही तिथंच बसले होते.

"माझी एक अट आहे," मालती म्हणाली. "उज्जैनलाही त्या रात्री दाराला कडी लागणार नाही."

"लावू नका," वकील हसले. "लक्ष्मी येत असेल तर आमची ना कशाला?" तिनं त्यांना दुसऱ्यांदा समजावलं नाही.

पुण्याला परत आले त्याला आता महिना होत आला. शाळा सुरू आहे, मुली पानिपत पाठ करतायत. संपादकांचा तगादा आहे की तो बोलपट खरा की खोटा हे एकदाचं लिहा, वाचकांना तेवढंच हवं असतं. लिहिते आहे. तुम्हीही तपासाल तेव्हा कंदील तपासा, तिथी तपासा, पहिल्यांदा कोणी सांगितलं ते शोधा, जागेवर जा. आणि दार दिसलं की त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहा. मी जाईपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं, आणि मालती नसती तर वहीचं पान उलटून मी परत आले असते.

काल कुसुमचं पत्र आलं. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. आदल्या दिवशी हळद लागल्यावर मालतीनं बाहरपुऱ्याला जायचं म्हणून टांगा जोडायला लावला. हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही, त्यावरून घरात रणकंदन झालं, शेवटी आबासाहेब स्वतः बरोबर गेले. बाहरपुऱ्यात बायका जमल्या. मालती दरवाजातून आत गेली, वळली, आणि बरोबर आणलेल्या ओल्या हळदीचा हात तिनं चौकटीच्या आतल्या अंगाला लावला. आबासाहेबही चौकटीतून आत गेले. मग त्यांनी तिच्या हातावरची हळद आपल्या पंजाला घेतली.

कुसुम लिहिते, आता आतल्या बाजूला दोन आहेत.